स्टॅटिन सोसत नाही म्हणून घेतलं, आणि स्टॅटिनच गळ्यात मारलं

न्यू जर्सीत एका मराठी कार्यक्रमाच्या स्टॉलवरून मी रेड यीस्ट राइसच्या गोळ्या घेतल्या. पहिली बाटली 39.95 डॉलर, नंतर तीन बाटल्यांचा संच 104.85 डॉलर. एकूण 144.80. पुढे इस्पितळाचे माझ्या वाट्याचे 1,150 डॉलर वेगळेच.

आधीच सांगते, मी उगाच जाहिरातीला भुलले नव्हते. मला कोलेस्टेरॉल उतरवणारं ॲटोरव्हास्टॅटिन नावाचं स्टॅटिन सोसत नव्हतं, मांड्या दुखायच्या, म्हणून डॉक्टरांनीच ते थांबवलं होतं. हे सगळं मी स्टॉलवरच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "काकू, तुमच्यासारख्यांसाठीच आहे हे. नुसता आंबवलेला तांदूळ, स्टॅटिनचा अंशही नाही."

या तांदळावर जी लाल बुरशी वाढवतात ती मोनाकोलिन के नावाचं रसायन तयार करते. हे रसायन म्हणजेच लोव्हास्टॅटिन, 1987 पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध. माझं कोलेस्टेरॉल उतरलं ते त्यानेच. जे मला सोसत नाही असं मी तोंडाने सांगितलं, त्याच जातीचं औषध त्याने मला विकलं. आणि डॉक्टरांनी "काही औषधं चालू आहेत का" विचारलं की मी बेधडक "नाही" म्हणत होते!

बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट खाऊ नका, गरोदर बायकांनी घेऊ नये, यकृताचा आजार असेल तर घेऊ नये. शिवाय गोळीत "स्नायूंसाठी" म्हणून कोक्यू10 घातलेलं. तांदळाला ग्रेपफ्रूटचं पथ्य कशाला? नुसता तांदूळ खाणाऱ्याच्या स्नायूंची काळजी कुणी का करावी? हे पथ्य लोव्हास्टॅटिनचं आहे. ती ओळ मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचली होती, चष्मा लावून वाचली होती. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण औषधशास्त्र शिकलेलं नसताना माझ्यासारखीने ते ओळखायचं तरी कसं?

पहिल्या बाटलीनंतर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 164 वरून 128 वर आलं. दुसरी बाटली त्याच नावाची, त्याच लेबलाची, तरी एलडीएल पुन्हा 159. मी फोन केला तर उत्तर आलं, "काकू, दोनाच्या चार करा." तिसऱ्या बाटलीतल्या चार-चार गोळ्या घ्यायला लागले. ही बाटली जोरकस निघाली असणार. दोन आठवड्यांच्या आत जिना चढताना हाताने मांडी उचलावी लागायला लागली, आणि एका सकाळी लघवी काळ्या चहासारखी झाली. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीके 6,840 निघालं, जे दोनशेच्या आसपास असायला हवं. मूत्रपिंड बिघडलं की वाढणारं क्रिएटिनिन 0.9 वरून 1.6. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडात अडकत होतं. सलाईन लावलं, गोळ्या बंद झाल्या, मूत्रपिंड सावरलं.

बाटलीबाटलीत एवढा फरक का, हेही नंतर कळलं. लेबलावर "1200 मिग्रॅ" असतं ते तांदळाच्या भुकटीचं वजन. त्यात मोनाकोलिन किती, ते छापलेलंच नसतं. अमेरिकेतल्या 28 ब्रँडची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांत मोनाकोलिन अजिबात नव्हतं, बाकीच्यांत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत 60 पट फरक होता, आणि प्रमाण एकाच्याही लेबलावर नव्हतं. नियमाप्रमाणे त्यात नाममात्रापेक्षा जास्त मोनाकोलिन असेल तर ते मंजुरी नसलेलं औषध ठरतं. मग कोण कशाला आकडा छापेल?

शिवाय हीच बुरशी कधीकधी सिट्रिनिन नावाचं विषही बनवते, आणि ते थेट मूत्रपिंडाला बाधतं. म्हणून सिट्रिनिनच्या तपासणीचा कागद मागा, तोही त्याच बॅचचा. नसेल तर बाटली परत ठेवा.

पैसे परत मागितले तर "सील फोडलंय" म्हणाले. चौथ्या बाटलीचं सील शाबूत आहे, तिचेही दिले नाहीत. ग्राहक तक्रार कार्यालय म्हणालं, हा आरोग्याचा विषय आहे. आरोग्यवाले म्हणाले, हे औषध नाही, पूरक आहार आहे. अर्ज भरा, पोच मिळेल. पोच मिळाली! पुढे काय? कुणी बाटली मागितली नाही, कुणी बॅच नंबर विचारला नाही, आणि तो मुलगा पुढच्या कार्यक्रमात पुन्हा स्टॉल लावून बसला. मी चालत डायनिंग टेबलापर्यंत जाऊ शकत नव्हते आणि हे लोक मला औषधाची व्याख्या समजावत होते.

स्टॅटिन चालू असेल तर त्यावर हे मुळीच घेऊ नका, दुप्पट होतं. घसा-छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगा, त्याने रक्तातलं लोव्हास्टॅटिन फार वाढतं. अंग दुखायला लागलं तर गोळी बंद करून सीके आणि क्रिएटिनिन करून घ्या. लघवी गडद झाली तर सकाळची वाट बघू नका. आणि भारतात जाताना आईबाबांसाठी या बाटल्या बॅगेत भरणाऱ्यांनो, त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात स्टॅटिन आधीच असण्याची शक्यता फार आहे.