एर्न की अराउंड द पोस्ट?

पिकलबॉलमधले हे दोन्ही फटके साइडलाइनच्या बाहेरून मारले जातात, पण किचनचा, म्हणजे नेटलगतच्या व्हॉली-बंदी पट्ट्याचा, नियम खरा नडतो तो एर्नला. कारण एर्न म्हणजे व्हॉली. समोरच्याने साइडलाइनला धरून डिंक, म्हणजे किचनमध्ये हळूच पडणारा फटका, टाकला की तुम्ही किचनवरून उडी मारून किंवा त्याला वळसा घालून कोर्टाबाहेर जाता आणि टप्पा पडण्याआधीच चेंडू ठोकता. किचनवरच्या हवेला बंदी नाही, बंदी जमिनीला आणि रेषेला आहे. किचनमधून धावत गेलात, तर फटक्याआधी दोन्ही पाय बाहेर टेकलेले हवेत. एक पाय टेकला आणि दुसरा हवेत असताना व्हॉली मारली, तर फॉल्ट. फटक्यानंतर तोल जाऊन पाय आत पडला तरीही फॉल्टच, मग रॅली संपलेली का असेना. शिवाय चेंडू आपल्या बाजूला येईपर्यंत थांबावं लागतं आणि नेटला स्पर्श चालत नाही.

अराउंड द पोस्टला घाई मारक. तिरका डिंक किचनमध्ये टप्पा घेऊन खांबाच्या बाहेर गेला, की त्याला खाली येऊ द्यायचं आणि नेटवरून नाही, तर खांबाच्या बाहेरूनच समोर मारायचं. चेंडू जितका बाहेर, तितकी वाट मोकळी. टप्पा पडलेला असल्याने पाय किचनमध्ये असले तरी बिघडत नाही. चेंडू नेटच्या उंचीवरून जाण्याचीही गरज नाही. गुडघ्याखालून गेला तरी चालतो, फक्त समोरच्या कोर्टात पडायला हवा.

माझा कौल? सरळ डिंकला एर्न, पण पाय आधीच हलले तर समोरचा मधून मारतो. रुंद कोनाला मात्र पोस्टबाहेरूनच.