बँकेचं सीएसव्ही ग्नूकॅशमध्ये घ्यायचंय : क्यूआयएफ बनवू की ओएफएक्स?

जुन्या वर्षाची नोंद एकदाच भरायची असेल तर क्यूआयएफ पुरेसं आहे. दर महिन्याला स्टेटमेंट चढवणार असाल तर सरळ ओएफएक्स बनवा. दोन्हींतला खरा फरक तीच नोंद दुसऱ्यांदा आली की दिसतो.

समजा ओळ अशी आहे: तारीख 03/04/2025, खर्च 1,250.00, शिल्लक 48,310.50. कोणतंही स्वरूप निवडा, आधी वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी काढा, रकमेतले स्वल्पविराम काढा आणि खर्च व जमा हे दोन रकाने एकत्र करून खर्चाला उणे चिन्ह द्या.

क्यूआयएफमध्ये ही नोंद चार ओळींत मावते:

```
!Type:Bank
D03/04/2025
T-1250.00
PUPI KIRANA
^
```

एक्सेलच्या सूत्रानेही हे जमतं. पण ही तारीख 3 एप्रिल की 4 मार्च, हे फाइल सांगत नाही. ग्नूकॅशला शंका आली तर ते विचारतं, तिथे दिवस-महिना-वर्ष हाच क्रम निवडा. मोठी अडचण वेगळी आहे. नोंदीला स्वतःची ओळख नसल्यामुळे ग्नूकॅश तारीख आणि रक्कम पाहून दुबार नोंदीचा अंदाज बांधतं. एकाच दिवशी दोनदा दिलेले वीस रुपये आणि चुकून दोनदा चढवलेले वीस रुपये त्याला सारखेच दिसतात, आणि निवाडा तुम्हाला करावा लागतो.

ओएफएक्समध्ये प्रत्येक नोंदीला `FITID` हा स्वतःचा ओळख क्रमांक असतो:

```
<STMTTRN>
<TRNTYPE>DEBIT
<DTPOSTED>20250403
<TRNAMT>-1250.00
<FITID>20250403-125000-4831050
<NAME>UPI KIRANA
</STMTTRN>
```

त्या खात्यात हा क्रमांक आधी आला असेल तर ग्नूकॅश ती नोंद पुन्हा घेत नाही. म्हणून एप्रिलचं स्टेटमेंट 5 मेपर्यंत आणि मेचं 1 तारखेपासून उतरवलं तरी बिघडत नाही. मात्र सीएसव्हीत हा क्रमांक नसतो, तो आपणच घडवायचा. ओळीचा अनुक्रमांक वापरू नका, पुढच्या वेळी तीच नोंद वेगळ्या क्रमांकाने येईल. नुसता संदर्भ क्रमांकही पुरत नाही, कारण बँकेच्या शुल्कासारख्या नोंदींना तो बऱ्याचदा नसतोच. मी तारीख, रक्कम आणि व्यवहारानंतरची शिल्लक जोडते. वीस-वीसच्या दोन खर्चांनंतरची शिल्लक वेगळी असते, त्यामुळे क्रमांकही वेगळे पडतात. मात्र बँकेने एकाच दिवसातल्या नोंदींचा क्रम नंतर बदलला तर ही युक्ती फसते. म्हणून आजच्या अर्धवट दिवसाच्या नोंदी उतरवू नका.

ओएफएक्सची मेहनत अर्थात जास्त आहे. वर मथळा आणि खात्याचा तपशील लागतो, त्यातला `ACCTID` दर महिन्याला तोच ठेवायचा. वर्णनातलं `&` हे `&amp;` असं लिहायचं. `NAME` मध्ये 32 अक्षरंच बसतात, म्हणून यूपीआयचं लांबलचक वर्णन `MEMO` मध्ये टाका.

फाइल चढवण्यापूर्वी सुरुवातीच्या शिलकीत सगळ्या रकमा चिन्हासकट मिळवा. बेरीज शेवटच्या शिलकीशी जुळली नाही तर आधी फरकाला दोनने भागा. ती रक्कम एखाद्या ओळीत सापडली, तर बहुधा तिथलं उणे चिन्ह चुकलं आहे.