मार्चची मोजणी, बिलिंगचं सॉफ्टवेअर की वीस मालांची वही: दुकानातली घट शोधायला काय धरावं?

सेलूत आमचं किराणा दुकान आहे. मी, बायको आणि कामाला एक पोरगा. दरवर्षी मार्चअखेरीला दोन रात्री जागून माल मोजायचा, खरेदी-विक्रीशी जुळवायचा आणि शेवटी एक आकडा निघायचा: एवढ्या हजारांची घट. मग घरात वाद. बायको म्हणायची पोरावर लक्ष ठेवा, मी म्हणायचो उंदीर. दोघंही अंदाजानंच बोलत होतो, कारण त्या एका आकड्यात चोरी, नासाडी आणि बिलातली चूक असं सगळं कालवलेलं असतं. त्यात अमुक मालाची वाढ तमुकच्या तुटीत बुडते ती वेगळीच.

वर्षातून एकदाची मोजणी हिशेबासाठी लागते, ती करावीच. पण घट कुठून झाली हे शोधायला ती निरुपयोगी आहे. बारा महिन्यांपूर्वी गेलेल्या पुड्याचा माग कोण काढणार?

म्हणून खरी निवड दोन गोष्टींत आहे: बारकोडवालं बिलिंग सॉफ्टवेअर घ्यायचं, की मोजक्या वीस मालांची वही ठेवून दर शनिवारी रात्री तेवढेच मोजायचे. आम्ही आधी सॉफ्टवेअर घेतलं आणि वर्षभर त्याच्यावरच विसंबून राहिलो. त्याची चांगली बाजू म्हणजे ‘किती असायला हवं’ हे ते लगेच सांगतं: सुरुवातीचा साठा, अधिक आलेला माल, वजा बिलानं गेलेला. पण फळीवर प्रत्यक्षात किती आहे हे त्याला कुठून कळणार? शिवाय आत जे भरलं तेच बाहेर येतं. चोवीस पुड्यांचा बॉक्स खरेदीत ‘एक नग’ म्हणून चढला, तर काही दिवसांत साठा उणे दिसतो. स्कीमचे फुकट पुडे चढवले नाहीत तर माल जास्त निघतो आणि तेवढी खरी तूट झाकली जाते. आमच्याकडे लाइट गेली की बिलं कागदावर होतात. रात्री ती चढवायची राहिली की सॉफ्टवेअरच्या लेखी तो माल अजून दुकानातच.

वहीची पद्धत दिसायला जुनाट आहे, पण तिच्यात दोन गोष्टी येतात ज्या सॉफ्टवेअर आपोआप देत नाही. एक, प्रत्यक्ष मोजणी. दुसरी, ‘बाद’ वही: फाटलं, किडलं, मुदत संपली, उंदरानं कुरतडलं ते त्याच दिवशी लिहायचं आणि माल टाकायचा नाही, शनिवारपर्यंत एका टोपलीत ठेवायचा. नासाडीची खूण हीच, तिचा मुडदा सापडतो. टोपलीत काही नाही आणि माल कमी आहे, तर ती नासाडी नव्हे. घरी नेलेला मालही याच वहीत लिहा. आमची पहिल्या महिन्यातली साखर-चहापत्तीची ‘चोरी’ निम्मी आमच्याच स्वयंपाकघरात निघाली.

वीस माल कसे निवडायचे? आकारानं लहान आणि किमतीनं मोठे सहा-सात, दणकून खपणारे सहा-सात, आणि बाकी सुटे व नासके. चार आठवड्यांत आम्हाला काय दिसलं ते सांगतो, म्हणजे फरक कळेल.

दहा रुपयांच्या बिस्किटांत एका चवीचे 22 पुडे कमी निघाले. चोरीच वाटली असती, पण शेजारच्या चवीचे 21 जास्त होते. गर्दीत पोरगा एकच पुडा स्कॅन करून संख्या टाकत होता, चवी वेगळ्या असल्या तरी. एकाची तूट आणि जवळच्या, त्याच किमतीच्या दुसऱ्याची वाढ अशी जोडी दिसली की ती बिलाची चूक. पैसे बुडत नाहीत, फक्त साठा खोटा होतो. किमती वेगळ्या असत्या तर मात्र पैसेही गेले असते.

तूरडाळीचं वेगळंच. 30 किलोचे तीन कट्टे संपले आणि 1 किलो 800 ग्रॅम कमी. रोज थोडी थोडी, खपाच्या मापानं. एका संध्याकाळी बांधून ठेवलेले पावशेराचे दहा पुडे पिशव्यांचं वजन सोडून तोलले: अडीच किलोऐवजी 2 किलो 550 ग्रॅम. दर पुड्याला पाच ग्रॅम झुकतं माप. कट्ट्याचे जवळपास 120 पुडे होतात, म्हणजे कट्ट्यामागे सुमारे 600 ग्रॅम. तीन कट्ट्यांचा हिशेब बरोबर जुळला. यात चोर नाही, उंदीर नाही. हात सैल आहे. गिऱ्हाईक राखायला झुकतं माप द्यायचं असेल तर द्या, पण ते भावात धरा. घेतानाही बारदानासकट न तोलता निव्वळ वजन बघा, नाहीतर ठोक दुकानदाराकडून कमी आलेला मालही आपल्याच घटीत जमा होतो.

तिसरं, दाढीची महागडी पाती. 18 होती, 12 आली, 16 विकली, म्हणजे 14 हवीत. होती 9. जोडीला कुणाची वाढ नाही, टोपलीत काही नाही, कागदी बिलं तपासली. मग हाच एक माल रोज सकाळ-संध्याकाळ मोजला. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतरच तूट यायची. गल्ल्यात रोख आणि यूपीआय मिळून बिलांइतकेच पैसे होते. जास्त असते तर ‘विकलं पण बिल केलं नाही’ असं म्हटलं असतं.

इथे एक मर्यादा ध्यानात ठेवा. गिऱ्हाइकानं खिशात घातलेलं पातं आणि काउंटरवरच्या माणसानं विकून खिशात घातलेले पैसे, हे दोन्ही वहीत आणि सॉफ्टवेअरमध्ये अगदी सारखे दिसतात. वेगळं करायला माल हलवावा लागतो. आम्ही पाती काउंटरमागच्या काचेच्या कपाटात ठेवली, तूट थांबली. तिथेही चालू राहिली असती तर संशय आतल्या माणसावर गेला असता. पोरावर आधी आरोप केला नाही हे बरं झालं.

आता निवडीचं. दिवसाला चाळीस-पन्नास गिऱ्हाइकं आणि काउंटरवर घरचाच माणूस, तर सॉफ्टवेअरची घाई नको. वीस मालांसाठी काउंटरवर कागद चिकटवा, विकताना रेघ मारा. चोरी आणि नासाडी त्यात चांगली सापडते. बिलातली चूक मात्र सापडणार नाही, आणि गर्दीत रेघ विसरली की ती चोरीसारखी दिसते. दोन काउंटर, पगारी माणूस आणि पॅकबंद मालाचा भरणा असेल तर सॉफ्टवेअर घ्याच, पण शनिवारची मोजणी सोडू नका. नुसत्या सॉफ्टवेअरपेक्षा मी नुसती वही पसंत करीन. आणि निम्मा धंदा सुट्या धान्याचा असेल तर बारकोडवर खर्च करण्याआधी काटा तपासून घ्या.

‘बाद’ वहीचा आणखी एक उपयोग करसल्लागारानं सांगितला. नेहमीच्या पद्धतीनं जीएसटी भरत असाल तर चोरीला गेलेल्या, नासलेल्या किंवा बाद केलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. कायद्याचं कलम 17(5)(एच). झुकत्या मापाचा माल मात्र गिऱ्हाइकालाच गेलेला असतो, म्हणून आम्ही तो त्या यादीत धरत नाही. त्यासाठी आता वहीत तीन वेगळे रकाने आखलेत.