पाच मिनिटांचा सिंक: सात महिने वापरल्यावर

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान भवानी मंडपाजवळ आणि गोडाऊन शिरोलीत. पूर्वी रात्री अकराला गोडाऊनच्या ॲपमधून सगळा स्टॉक एकदाच ऑनलाइन स्टोअरवर चढायचा. सणासुदीत दुपारपर्यंतच ते आकडे शिळे व्हायचे, मग ग्राहकाला फोन करून माफी मागायची. सात महिन्यांपूर्वी दर पाच मिनिटांनी फक्त बदललेलेच नग पाठवणारा सिंक बसवला. आज तो चांगला चालतो, पण पहिले दोन महिने त्याने आम्हाला बरंच छळलं.

पहिला घोळ आठ नंबरच्या कापशी चपलेत झाला. दोन जोड शिल्लक, दोन्हीकडे आकडा २. ११:४० ला काउंटरवर एक गेला, ॲपमध्ये १ झाला. ११:४२ ला ऑनलाइन एक ऑर्डर आली, स्टोअरवरही १ झाला. ११:४५ ला सिंक धावला, त्याने ॲपमधला १ उचलून स्टोअरवर लिहिला. दोन्हीकडे १, एकदम जुळलेलं. आणि रॅकवर? शून्य. ११:५० ला साताऱ्याच्या एका बाईंनी तो नसलेला जोड विकत घेतला.

आम्ही आधी पॅकिंगवाल्या वहिनींवर संशय घेतला. ते चुकलंच, त्यांना सॉरी म्हटलंय. खरं कारण असं की सिंक स्टॉक पाच मिनिटांनी ढकलत होता, पण ऑनलाइन ऑर्डरी ॲपमध्ये पंधरा मिनिटांनी उतरत होत्या. त्यामुळे ११:४२ ची विक्री ॲपच्या गावीही नव्हती. आकडे जुळले म्हणजे ते बरोबर आहेत, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

सिंक लिहून देणाऱ्या मित्राने क्रम बदलला. आता प्रत्येक फेरीत आधी ऑर्डरी खाली ओढायच्या, ॲपमधून वजा करायच्या, मगच उरलेला आकडा वर पाठवायचा. या दोन पायऱ्यांमधल्या चार-सहा सेकंदांत ऑर्डर आली तर? म्हणून पाठवताना अट घातली: स्टोअरवर आत्ता १ असेल तरच ० लिही. मध्येच कुणी खरेदी केली असेल तर अट मोडते, स्टोअर नकार देतं आणि तो नग पुढच्या फेरीत नव्याने मोजला जातो. तुमचं स्टोअर अशी अट घेतं का, हे सिंक बसवण्याआधीच विचारा. आमचं घेतं, हे नशीबच.

दुसरा घोळ उलटा. माल गोडाऊनमध्ये पडून, आणि स्टोअरवर 'आउट ऑफ स्टॉक'. कारागिरांकडून १८० जोड आले होते. इनवर्डची एंट्री ५:०२ ला सुरू झाली आणि सेव्ह झाली ५:०९ ला. डेटाबेसने मात्र सगळ्या ओळींवर ५:०२ चीच वेळ मारली, कारण तिथली वेळ व्यवहार सुरू झाल्याची असते. ५:०५ च्या फेरीला त्या ओळी दिसल्याच नाहीत. ५:१० च्या फेरीने ५:०५ नंतरचेच बदल मागितले. म्हणजे तो माल कायमचा सुटला. त्यातला एखादा जोड काउंटरवर विकला की तेवढाच अचानक ऑनलाइन उगवायचा. असं दिसलं तर समजा, हाच प्रकार आहे.

उपाय एका ओळीचा निघाला, दर वेळी पंधरा मिनिटं मागे जाऊन वाचायचं:

```
SELECT sku, qty FROM stock
WHERE updated_at > :last_sync - interval '15 minutes';
```

तेच नग चारदा वाचले जातात, पण बिघडत नाही, कारण आपण 'शिल्लक ७' असा पूर्ण आकडा पाठवतो. 'एक वजा कर' असं पाठवत असतो तर चारदा वजा झालं असतं. पंधरा मिनिटांपेक्षा लांबलेली एंट्री मात्र यातूनही निसटू शकते, म्हणून मोठा माल आता तुकड्यातुकड्याने सेव्ह करतो.

रात्री ॲप आणि स्टोअरचे आकडे ताडणारी पूर्ण तपासणी बंद केलेली नाही. ती फक्त फरकांची यादी देते, आपणहून काही दुरुस्त करत नाही. मित्राला ते आपोआप हवं होतं, मी अडवलं. सुरुवातीला यादीत वीसेक नग असायचे, आता दोन-तीन. जे उरतात ते बहुतेक परत आलेल्या मालाचे: कुरिअरवाला पार्सल टेकवून जातो आणि ते ॲपमध्ये घ्यायला कुणाला सवड नसते.

एक त्रास अजून आहे. सेलसाठी सगळ्यांचे भाव बदलले की प्रत्येक ओळ 'बदललेली' ठरते, हजारभर नग एकदम रांगेत उभे राहतात आणि स्टोअर 429, म्हणजे 'फार मागण्या येताहेत, थांबा' असा नकार, देऊन थोपवतं. मागच्या वेळी रांग ओसरायला चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून भाव सकाळी सहाला बदलतो, दुकान उघडायच्या आत.