आयकॉन स्टिकर शीट: सात महिने वापरल्यानंतर

ए-फाइव्ह आकाराची शीट, तिच्यावर प्रोग्रामिंगमधल्या लोगोंचे बावीस स्टिकर. गिट, डॉकर, पायथन, रस्ट, जावास्क्रिप्ट, लिनक्सचा पेंग्विन अशी नेहमीची मंडळी. प्रत्येकाभोवती 2 मिमी पांढरी कड आणि खाली पांढरं व्हिनाइल, वरून मॅट लॅमिनेशन. लॅपटॉपचं झाकण, स्टीलची बाटली आणि हत्यारांची पेटी अशा तीन ठिकाणी सात महिने वापरून झाल्यावर हे लिहितोय.

‘डाय-कट’ म्हणून विकत असले तरी अशी शीट बहुतेक वेळा किस-कट असते. म्हणजे ब्लेड फक्त व्हिनाइल कापतं, मागचा कागद अखंड राहतो. शीट उलटी करून बघा. कागदावर कापाची पुसटशी खूण असेल तर ठीक. खूण खोल असेल तर सोलताना कागदाचा तुकडाही स्टिकरसोबत येतो, आणि काप उथळ पडला असेल तर कोपऱ्यात लॅमिनेशन ताणून फाटतं. या शीटमध्ये वीस स्टिकर सहज निघाले, दोन कडेला अडकले. सोलताना स्टिकर ओढू नका, कागद मागे दुमडा. स्टिकर ओढला की व्हिनाइल ताणलं जातं आणि लावल्यावर कड वळायला लागते.

ती पांढरी कड अनेकांना नुसती सजावट वाटते. खरं तर स्टिकर टिकतो तो तिच्यामुळे. रस्टचं दातेरी चाक घ्या. काप थेट दातांवरून गेला असता तर प्रत्येक दाताचं टोक महिन्याभरात उचकटलं असतं. 2 मिमी कड दोन्ही बाजूंनी आत सरकते, त्यामुळे 4 मिमीपेक्षा अरुंद फट आपोआप बुजते आणि बाहेरची रेषा जवळजवळ गोल होते. जावास्क्रिप्टच्या चौकोनाचे टोकदार कोपरेही याच हिशेबाने 2 मिमी त्रिज्येने गोल झालेत. सात महिन्यांत हे दोन्ही स्टिकर जराही उचलले गेलेले नाहीत.

उलट डॉकरच्या देवमाशाची पाठीवरची पेट्यांची रास आणि शेपटी यांमधली खाच 4 मिमीहून रुंद आहे, म्हणून ती तशीच राहिली. खाचेच्या आतल्या कोपऱ्यावर सगळा ताण एकवटतो. बाटलीवरचा हा स्टिकर काढून पुन्हा लावताना फाटला तो नेमका तिथूनच. बनवणाऱ्याने तो कोपरा थोडा गोल करायला हवा होता.

कड सगळीकडे सारखी आहे का, हे स्केलने मोजा. या शीटवर डाव्या बाजूला 1.6 आणि उजवीकडे 2.4 मिमी भरली, आणि सगळ्या स्टिकरवर हेच. सगळे एकाच दिशेला सारखे सरकले असतील तर छपाई आणि कटिंग यांची जुळणी चुकलेली असते. एका टोकाकडे चूक वाढत गेली तर शीट तिरकी बसलेली किंवा ताणलेली असते. 0.4 मिमीची चूक 2 मिमी कडेत खपून जाते. कड 1 मिमीची असती तर तीच चूक लगेच डोळ्यांत भरली असती.

पांढऱ्या पाठीबद्दल थोडी निराशा आहे. काळ्या झाकणावर पांढरा रंग किंचित राखाडी दिसतो, आणि जुन्या स्टिकरवर नवा लावला तर खालची रेषा आरपार जाणवते. मागे राखाडी डिंक असलेलं व्हिनाइल मिळतं, ते झाकायला चांगलं. इथे डिंक पारदर्शक आहे. ओळखायला सोपं: एक स्टिकर सोलून पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या कागदावर धरा.

चौथ्या महिन्यापासून लॅपटॉपवरच्या स्टिकरांभोवती बारीक काळपट रेघ दिसू लागली. व्हिनाइल हळूहळू आकसतं, डिंक मात्र जागेवरच राहतो आणि उघडा पडलेला पट्टा धूळ पकडतो. गरम होणाऱ्या झाकणावर हे लवकर होतं. पांढऱ्या कडेमुळे ती रेघ अधिकच उठून दिसते. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडेकडेने पुसलं की जाते, पण दोन-तीन महिन्यांनी परत येते.

रंगांत गिटचा केशरी खिडकीजवळ ठेवलेल्या पेटीवर फिकट झालाय, पायथनचा निळा आणि पेंग्विनचा काळा जसेच्या तसे आहेत. बाटलीवर लावायचा असेल तर आधी अल्कोहोलने पुसा, आणि लावल्यावर 24 तास पाणी लागू देऊ नका. खडबडीत पावडर-कोटिंगवर कड कितीही नीट असली तरी पकड अर्धवटच बसते, आणि सिलिकॉनच्या कव्हरवर तर स्टिकर चिकटतच नाही.

काढायचा असेल तर हेअर ड्रायरची मंद हवा अर्धा मिनिट द्या आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. उरलेला डिंक त्याच अल्कोहोलने निघतो.