३० मीटर सरळ स्टीम लाइन आणि मधोमध एक लूप: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यातली लाइन आहे. बॉयलर हाउसच्या भिंतीपासून प्रोसेस हॉलच्या भिंतीपर्यंत ३० मीटर, १०० एनबी, शेड्यूल ४० चा कार्बन स्टील पाइप. स्टीमचा दाब १० बार गेज, म्हणजे तापमान साधारण १८४ अंश. आधी ही लाइन सरळ होती आणि दोन्ही टोकं भिंतीत काँक्रीट भरून पक्की केलेली होती. आता मध्यावर यू आकाराचा लूप आहे. काम करून देणाऱ्याबद्दल इथे काही लिहिलेलं नाही, फक्त लूपबद्दल आहे.

जुन्या रचनेत तक्रारी ठरलेल्या असायच्या. पाइप दोन सपोर्टांच्या मध्ये आडवा वाकायचा आणि काही ठिकाणी शूवरून, म्हणजे पाइपाखालच्या टेकूवरून, सरकायचा. भिंतीला पाइपभोवती भेगा पडायच्या. सुट्टीनंतर बॉयलर पेटवला की फ्लँज गळायचा, तासाभराने गळती आपोआप थांबायची. त्यामुळे दर वेळी दोष गॅस्केटवर जायचा आणि गॅस्केट बदललं जायचं.

हिशोब सोपा आहे. पाइप ३० अंशांना बसवला आणि १८४ ला गेला, तर तापमान १५४ अंशांनी वाढलं. मोकळा असता तर ३० मीटरचा हा पाइप सुमारे ५५ मिमी वाढला असता. भिंती ते वाढू देत नाहीत, म्हणून तेवढी वाढ दाबून धरावी लागते आणि तेच स्ट्रेस म्हणून दिसतं:

σ = E × α × ΔT = २००००० × ०.००००१२ × १५४ ≈ ३७० मेगापास्कल

इथे σ म्हणजे स्ट्रेस, E म्हणजे स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक, α म्हणजे प्रसरण गुणांक आणि ΔT म्हणजे तापमानातली वाढ.

या पाइपाचं स्टील खोलीच्या तापमानाला साधारण २४० मेगापास्कलला यील्ड होतं, म्हणजे कायमचं आकार बदलू लागतं; गरम असताना त्याहून थोडं आधीच. सूत्रात लांबी नाही, हे नीट पाहा. पाइप ३ मीटर असो की ३०, दोन्ही टोकं खरोखर घट्ट असतील तर स्ट्रेस तेवढाच. ‘छोटीच लाइन आहे, लूप कशाला’ हे म्हणणं इथेच कोसळतं.

जाड पाइप टाकूनही उपयोग नाही, कारण सूत्रात जाडीही नाही. उलट नुकसानच होतं. या पाइपाच्या भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे २०५० चौरस मिमी आहे. यील्डपर्यंतचा जोर धरला तरी भिंतीवर जवळजवळ ५० टनांचा रेटा येतो. शेड्यूल ८० घेतला तर स्ट्रेस तोच राहतो आणि रेटा वाढतो. विटांच्या भिंतीला अँकर, म्हणजे पाइप हलू न देणारी पक्की जागा, समजणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

प्रत्यक्षात पाइप ५० टनांपर्यंत सहसा पोहोचत नाही, त्याआधीच बाजूला वाकतो. मध्ये एकही गाइड, म्हणजे पाइपाला बाजूला न जाऊ देणारा आधार, नसेल तर असा ३० मीटरचा पाइप अडीच-पावणेतीन टनांच्या दाबालाच बकल होतो, आणि तेवढा दाब यायला तापमान फक्त ५-६ अंश वाढलं तरी पुरतं. लांबीत ५५ मिमी जास्त झाले तर मध्यावरचा बाक किती येईल? अंदाज १००-२०० मिमीचा केला जातो. भूमितीने तो ८०० मिमीच्या वर जातो. मधले क्लँप तेवढं होऊ देत नाहीत, म्हणून एका मोठ्या बाकाऐवजी लाइन नागमोडी होते आणि प्रत्येक क्लँपवर आडवा जोर येतो.

गाइडमध्ये नीट धरलेला पाइप वाकत नाही, पण मग तो दाबाखाली यील्ड होतो आणि कायमचा किंचित आखूड होतो. थंड झाल्यावर भिंती त्याला आखूड राहू देत नाहीत, त्यामुळे आता उलटा, सुमारे १३० मेगापास्कलचा खेच त्याच्यात राहतो. हाच खेच थंड स्थितीत फ्लँज उघडू पाहतो. गळती गार लाइनवर दिसते आणि तापल्यावर बंद होते, ती यामुळे. पाइपाचा सरळ भाग हे बरंच सहन करतो. फ्लँज, एल्बोचे वेल्ड आणि भिंती सहन करत नाहीत.

लूपचं काम एवढंच, की वाढ दाबून न टाकता तिला वाकण्यात जिरवायचं. दोन्ही बाजूंचे १५-१५ मीटर लूपकडे सरकतात आणि लूपचा प्रत्येक पाय २८ मिमीच्या आसपास झुकतो. पायाची लांबी L = √(3EDδ/S) या सूत्राने काढली. D म्हणजे बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, δ म्हणजे एका पायाचं सरकणं, आणि S म्हणजे चालू शकणारा स्ट्रेस, त्यासाठी २०७ मेगापास्कल घेतले. उत्तर ३.०३ मीटर आलं, पाय ३.२ मीटर ठेवले, माथा १.६ मीटर. चार लाँग रेडियस एल्बो, आठ बट वेल्ड. पायातला स्ट्रेस १८५ च्या आसपास राहतो. दोन्ही टोकांवरचा जोर मात्र ५० टनांवरून साधारण ०.६ टनावर आला, त्यात सपोर्टांच्या घर्षणाचे शंभरेक किलो मिळवा. हा हाताने केलेला हिशोब आहे; एल्बोवर स्ट्रेस वाढतो तो यात धरलेला नाही, म्हणून मंजुरीच्या ड्रॉइंगसाठी सॉफ्टवेअरवर विश्लेषण करून घ्यावंच.

वापरातला अनुभव चांगला आहे. अँकरपासून १३ मीटरवरच्या शूवर रेघ मारून ठेवली होती. गरम-थंडमध्ये ती २३ ते २४ मिमी सरकते. हिशोबाने २४ यायला हवेत. फ्लँजची गळती थांबली आहे आणि भिंतीची नवी भेग नाही. भिंत आता अँकर नाही, पाइप तिच्यातून मोकळ्या स्लीव्हमधून जातो आणि अँकर स्टीलच्या स्ट्रक्चरवर आहेत. स्लीव्ह करायला विसरलात तर लूप असूनही भिंतीशी भांडण चालूच राहील.

तक्रारी दोन आहेत. एक गाइड कोपऱ्याला फार चिकटून लावला होता, त्यामुळे तिथे पाय नीट वळत नव्हता आणि गाइडच्या पट्टीवर रंग घासला गेला. तो मागे सरकवल्यावर घासणं थांबलं. दुसरी इन्सुलेशनची: लूपच्या कोपऱ्यांवर ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग घट्ट बसवलं होतं, ते काही आठवड्यांतच चुरगळलं. हलणाऱ्या कोपऱ्यावर एकावर एक सरकणारे तुकडे लागतात.

लूप आडवा ठेवला आहे, आणि जागा असेल तर तसाच ठेवावा. उभा केला तर चढत्या पायाच्या तळाशी पाणी साचतं. तिथे ड्रेन पॉकेट आणि ट्रॅप नसेल तर वॉटर हॅमर ठरलेला.

कोल्ड पुल केला की लूपचे पाय छोटे चालतात, हा गैरसमज जागोजागी ऐकू येतो. बसवताना पाइप २७ मिमी आखूड ठेवून ओढून जोडला, तर गरम स्थितीतला अँकरवरचा जोर कमी होतो. पण थंड ते गरम हा स्ट्रेसचा एकूण फेरा तेवढाच राहतो, आणि थकव्याने वेल्ड फुटतो तो त्या फेऱ्यामुळे. म्हणून कोल्ड पुल धरून लूपचे पाय छोटे करू नयेत.

लूपऐवजी बेलोज, म्हणजे घड्यांचा लवचिक जोड, का नाही, असंही विचारलं जातं. बेलोज जागा कमी घेतो, पण आतला दाब त्याला ताणून उघडू पाहतो. या आकाराला १० बारवर तो जोर १.३ टनांच्या आसपास, म्हणजे लूपच्या जोराच्या दुप्पट, आणि हायड्रो टेस्टला त्याहून जास्त. वर गाइडही जास्त आणि जवळजवळ लागतात. जागा नसेल तरच तो घ्यावा.

याच मार्गावरची कंडेन्सेटची लाइन दोन ठिकाणी काटकोनात वळते आणि तिचे पाय पुरेसे लांब आहेत. तिला लूप लावला नाही, लागणारही नाही.