गावच्या देवळातली रोजची पूजा थेट प्रक्षेपणात : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं गाव सिंधुदुर्गात. निम्मी घरं वर्षभर बंद असतात. चाकरमानी मुंबई-पुण्यात आणि बरेचजण आखाती देशांत किंवा अमेरिकेत आहेत. त्यांना ग्रामदेवतेची सकाळची पूजा पाहता यावी म्हणून देवस्थान कमिटीने गेल्या पावसाळ्यात यूट्यूबवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. तेव्हापासून कॅमेऱ्याचं काम मी सांभाळतो. दुसऱ्या गावांतून विचारणा होते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल लावून पाहिला होता. कुणाच्या घरातला कुकर, कुणाच्या टीव्हीवरच्या बातम्या, सगळं मंत्रांच्या मधे ऐकू यायचं. यूट्यूबवर आवाज एकाच बाजूने जातो, म्हणून ते निवडलं. मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलला किमान 50 सदस्य लागतात आणि पहिल्यांदा परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत वेळ जातो. त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी चॅनेल उघडून भागत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ लिंकचा झाला. प्रत्येक प्रक्षेपणाची लिंक नवी असते. वयस्कर माणसं ग्रुपवरची जुनी लिंक दाबायची आणि कालची पूजा आजची समजून हात जोडून बसायची. यावर दोन उपाय लागू पडले. पहिला, कायम तीच राहणारी लिंक:

```
youtube.com/@चॅनेलचेनाव/live
```

चालू असलेलं प्रक्षेपण हिच्यावरून आपोआप उघडतं. दुसरा उपाय म्हणजे उंबऱ्याशी ठेवलेली पाटी. तिच्यावर रोज वार आणि तिथी खडूने लिहितो आणि ती चौकटीत दिसेल अशी ठेवतो. पाटी वाचली की पूजा आजची की कालची ते कुणालाही कळतं.

कॅमेरा गाभाऱ्यात नेत नाही. सभामंडपात, उंबऱ्यापासून थोडा मागे, तिवईवर एका जागी असतो. मूर्ती काळ्या पाषाणाची आणि दोन्ही बाजूंना समया. मोबाइल आपल्या मनाने उजेड ठरवतो, मग ज्योती पांढऱ्या फटक होतात किंवा देवीचा चेहरा अंधारात जातो. सुरुवातीलाच मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून उजेड पक्का करावा लागतो. माइक घंटेपासून लांब, गुरवांच्या बाजूला ठेवतो. जवळ असला तर घंटेच्या ठोक्यानंतर आवाज आपोआप खाली जातो आणि पुढचे मंत्र ऐकू येत नाहीत. आरती मात्र आम्ही स्वतःच म्हणतो. ध्वनिमुद्रित आरती लावली की कॉपीराइटचा दावा येऊ शकतो.

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे आरतीनंतर गाऱ्हाणी घालतात, कौल लावतात. गुरव माणसाचं नाव, घर आणि अडचण मोठ्याने सांगतात. आजारपण, लग्न, जमिनीची वाटणी, सगळं त्यात येतं. सुरुवातीच्या दिवसांत एका आजीचं वाटणीबद्दलचं गाऱ्हाणं मुंबईतल्या नातेवाइकांनी थेट ऐकलं आणि दुपारपर्यंत तिला फोन सुरू झाले. नंतर बरेच दिवस ती देवळात आली नाही. गुरवकाका म्हणाले, "गाऱ्हाणां देवाक घालतत, मुंबैक नाय." माइक बंद करण्यावर विसंबणं धोक्याचं होतं, कारण ऐन वेळी माणूस विसरतो. म्हणून आरती संपली की प्रक्षेपणच बंद होतं, आणि गाऱ्हाणी त्यानंतरच सुरू होतात. आजीच्या गाऱ्हाण्याच्या दिवसाचं रेकॉर्डिंगही चॅनेलवरून काढून टाकलं.

आता ग्रुपवर जाणारी सूचना अशी आहे:

"सर्व भाविकांस नमस्कार. देवीची नित्यपूजा रोज सकाळी 7 वाजता वरील लिंकवर थेट दिसेल. लिंक कायम तीच राहील. स्नान आणि वस्त्रं बदलताना पडदा असतो, तेव्हा पडदाच दिसेल. प्रक्षेपण बंद पडलं असं समजू नये. मंडपातल्या माणसांवर कॅमेरा फिरवला जाणार नाही, तशी विनंती करू नये. पूजा चालू असताना गुरवांना फोन करू नये. स्क्रीनवरचे फोटो काढून स्टेटसला ठेवू नयेत. आरतीनंतर प्रक्षेपण थांबेल. गाऱ्हाणं घालायचं असल्यास घरच्या माणसाकरवी निरोप द्यावा."

फोनचं वाक्य घालण्यामागे कारण आहे. चित्र साधारण अर्धा मिनिट उशिरा पोचतं. "आत्ता माझ्या नावाने फूल वाहा" असा फोन येईपर्यंत इथे धूपही झालेला असतो. संदेशांची चॅटही बंद ठेवली आहे. त्यात लोक एकमेकांची खुशाली विचारत बसायचे.

अडचण अजून आहे ती पावसाची. वीज गेली की राउटर बंद पडतो. त्याला छोटा यूपीएस जोडल्यावर तासभर निभावतं, पण टॉवरच गेला तर इलाज नाही. त्या दिवशी प्रक्षेपण नसल्याचं ग्रुपवर कळवतो आणि पूजा नेहमीच्या वेळी होतेच. नेट मंदावलं तर चित्राचा दर्जा 480 वर आणतो. चित्र थोडं पुसट चालतं, आवाज तुटलेला चालत नाही.

परदेशातल्यांसाठी सूचनेत वेळाही लिहा. आपले सकाळचे 7 म्हणजे दुबईत पहाटे 5.30. न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे 9.30, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ मागे गेलं की 8.30. त्या आठवड्यात ही ओळ बदलून सूचना पुन्हा पाठवावी लागते.